लोहाची गोळी: घ्यायची कशी आणि किती दिवस

गरोदर स्त्रियांना सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातला थोडाच भाग रक्तात शोषला जातो, बाकीचे लोह आतड्यातून पुढे सरकते. गोळीचे बहुतेक त्रास या उरलेल्या लोहामुळे होतात.

लोह रिकाम्या पोटी चांगले शोषले जाते. म्हणून गोळी जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा-कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीचे औषध लोहाला अडवतात, त्यामुळे त्यांच्यात दोनेक तासांचे अंतर हवे. सकाळच्या चहाबरोबरच गोळी घेण्याची सवय अनेक घरांत आहे आणि तिथेच औषध वाया जाते. रिकाम्या पोटी मळमळत असेल, तर थोडे खाऊन घेतलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा केव्हाही बरी.

गोळी सुरू झाली की शौच काळसर किंवा हिरवट-काळे होते. हा न शोषलेल्या लोहाचा रंग आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र शौच डांबरासारखे चिकट, चकचकीत आणि फार दुर्गंधीचे असेल, सोबत चक्कर किंवा पोटदुखी असेल, तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. अशा वेळी लगेच डॉक्टर गाठावा. बद्धकोष्ठतेवर भरपूर पाणी, पालेभाज्या, फळे आणि गरज पडल्यास इसबगोल उपयोगी पडते. तरीही त्रास राहिला तर गोळी आपणहून बंद करू नये. डॉक्टर ती एक दिवसाआड देऊ शकतात. रोजच्या मात्रेनंतर शरीरच काही काळ लोह कमी शोषते, त्यामुळे एक दिवसाआड घेतलेल्या प्रत्येक गोळीतून अधिक लोह मिळते.

सर्वांत मोठी चूक होते ती गोळी लवकर थांबवण्याची. समजा, पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या, गरोदर नसलेल्या एका स्त्रीचे हिमोग्लोबिन ८.५ आहे. गोळी नीट घेतली तर महिन्याभरात ते साधारण एक ते दोन ग्रॅमने वाढते आणि दोन-तीन महिन्यांत १२ च्या पुढे जाते. तोवर थकवा गेलेला असतो, गोळ्याही बंद होतात. पण शरीरातला लोहाचा साठा अजून रिकामाच असतो. तो भरायला आणखी सुमारे तीन महिने गोळी लागते, म्हणजे एकूण उपचार सहा महिन्यांच्या आसपास जातो. शिवाय पाळीच्या रक्तस्रावावर इलाज झाला नाही, तर भरलेला साठा पुन्हा रिता होतो.

महिन्याभरात हिमोग्लोबिन हललेच नाही, तर गोळ्या वाढवण्याआधी कारण शोधावे लागते: गोळी चहाबरोबर घेतली जाते का, मूळव्याध किंवा जंतांमुळे रक्त जाते का, की हा थॅलेसेमिया किंवा बी-१२च्या कमतरतेचा ॲनिमिया आहे.

इतके महिने घरात राहणारी ही गोळ्यांची पाकिटे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. लहान मुलाने एकदम अनेक गोळ्या गिळल्या तर जिवाला धोका होतो.