नसांची तपासणी नॉर्मल, मग पाय का जळतात?

मधुमेह असलेल्या अनेकांची एक तक्रार असते. रात्री अंथरुणावर पडलं की तळपायांची आग होते, पायावर चादरही नकोशी वाटते. डॉक्टर नसांची तपासणी करायला सांगतात. दवाखान्यात तिला एनसीव्ही म्हणतात. पायाला बारीक झटके बसतात, पडद्यावर लाटा उमटतात आणि रिपोर्ट येतो, सगळं नॉर्मल. रुग्णाला वाटतं, तपासणीच चुकली असणार. घरच्यांना वाटतं, दुखणं मनाचं आहे. पुष्कळदा दोघांचाही अंदाज चुकीचा असतो. तपासणी बरोबर असते आणि पायांची आगही खरी असते. पडद्यावर दिसलेली लाट ज्या तंतूंची असते, त्या तंतूंमधून ही आग मेंदूकडे जातच नाही.

एक नस म्हणजे हजारो तंतूंची जुडी. यातला प्रत्येक तंतू हा एका चेतापेशीचा लांबलचक धागा असतो. त्याला अक्षतंतू म्हणतात. पायाच्या अंगठ्यातून कमरेपर्यंत येणाऱ्या अक्षतंतूची लांबी जवळपास एक मीटर असते, पण जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, म्हणजे मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. सर्वांत बारीक तंतू अर्धा ते एक मायक्रॉन जाडीचे असतात, तर सर्वांत जाड वीस मायक्रॉनपर्यंत जातात.

यातून संदेश कसा जातो? तंतूच्या पातळ आवरणात सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. ती उघडली की सोडियमचे आयन आत घुसतात आणि त्या जागचा विद्युतदाब साधारण एका मिलिसेकंदासाठी उलटतो. आत आलेला प्रवाह तंतूतून पुढे सरकतो, पुढच्या भागातली दारं उघडतो आणि संदेश एक पाऊल पुढे जातो. मात्र उघड्या तंतूत हा प्रवाह पुढे जाता जाता वाटेतच बाहेर गळतो. शिवाय आवरणाच्या प्रत्येक भागाचा दाब बदलण्यासाठी काही विद्युतभार खर्ची पडतो. त्यामुळे प्रवाहाची मजल फार थोडी असते आणि प्रत्येक इंचाला दारं उघडण्याचं काम नव्याने करावं लागतं. एक मायक्रॉन जाडीच्या अशा तंतूत संदेश सेकंदाला सुमारे एक मीटर जातो. म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाने.

तंतू जाड केला तर आतला विरोध कमी होतो आणि वेग वाढतो. पण हा सौदा महाग आहे, कारण उघड्या तंतूचा वेग जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट हवा असेल तर जाडी चौपट लागते. समुद्रातल्या स्क्विड या प्राण्याने हाच मार्ग धरला. त्याचा पळून जाण्याचा संदेश नेणारा तंतू अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो, नुसत्या डोळ्यांना दिसतो, आणि तरी त्याचा वेग सेकंदाला वीस-पंचवीस मीटरच असतो. आपल्याला सेकंदाला शंभर मीटर वेग हवा असता, तर याच हिशेबाने एकेक तंतू एक सेंटिमीटर जाड लागला असता. असे हजारो तंतू मावायला हातपाय पुरले नसते.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये ही अडचण मायलिनने सोडवली आहे. नसांमध्ये श्वान नावाच्या पेशी अक्षतंतूभोवती स्वतःचं आवरण गुंडाळत जातात, थरावर थर. चरबीयुक्त थरांच्या या वेष्टनाला मायलिन म्हणतात. वेष्टन जाड असल्यामुळे प्रवाह गळत नाही आणि दाब बदलायला लागणारा विद्युतभारही फार कमी होतो. जाड तंतूंमध्ये दर एक-दोन मिलिमीटरवर हे वेष्टन तुटतं आणि जेमतेम एक मायक्रॉन लांबीची उघडी जागा राहते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रॅनव्हिए यांनी एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन केलं, म्हणून तिला रॅनव्हिएची गाठ म्हणतात. सोडियमची दारं याच गाठींमध्ये दाटीवाटीने बसलेली असतात. एका गाठीत दारं उघडली की प्रवाह वेष्टनाखालून थेट पुढच्या गाठीपर्यंत पोचतो. संदेश जणू उडी मारून पुढे जातो.

हे सिद्ध करायला एकेक तंतू सुटा करावा लागला. जपानमध्ये इचिजी तासाकी यांनी आणि पुढे १९४९ मध्ये अँड्र्यू हक्सली व रॉबर्ट श्टेम्फ्ली यांनी बेडकाच्या तंतूंवर हे काम केलं. तंतूच्या लांबीवर जागा बदलत मोजलं, तेव्हा दोन गाठींच्या दरम्यान प्रवाहाची वेळ जवळजवळ बदलत नव्हती. गाठ ओलांडली की मात्र ती एकदम थोडी पुढे सरकायची. विलंब होत होता तो गाठींमध्येच.

उडी म्हटल्यावर एका वेळी एकच गाठ जागी असते, असं डोळ्यांसमोर येतं. हिशेब वेगळं सांगतो. वेग सेकंदाला ५० मीटर आणि गाठींमधलं अंतर एक मिलिमीटर धरलं, तर एका गाठीपासून दुसरीपर्यंत संदेशाला मिलिसेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. एका गाठीतली उलथापालथ मात्र साधारण अर्धा मिलिसेकंद चालते. तेवढ्या वेळात संदेशाचं तोंड पंचवीस गाठी पुढे गेलेलं असतं. म्हणजे कोणत्याही क्षणी दोन-अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्यातल्या सगळ्या गाठी एकदम कामाला लागलेल्या असतात. याचा फायदाही आहे. मधली एखादी गाठ निकामी झाली तरी प्रवाह तिला ओलांडून पुढची गाठ जागी करू शकतो.

मायलिन असलेल्या तंतूत वेग सरळ जाडीच्या प्रमाणात वाढतो. जाड तंतूंसाठी ढोबळ नियम असा, की दर मायक्रॉनला सेकंदाला सहा मीटर. उघड्या तंतूला शंभर मीटर वेगासाठी एक सेंटिमीटर जाडी लागली असती, तिथे वेष्टनासकट सतरा मायक्रॉनमध्ये काम भागतं.

एकाच नसेत हे सगळे प्रकार शेजारी शेजारी असतात. त्यांची वेगवेगळी ओळख पटली ती अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. जोसेफ अर्लांगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी १९२० च्या दशकात कॅथोड किरणांचा ऑसिलोस्कोप नसांच्या अभ्यासाला लावला. बेडकाच्या मांडीतल्या नसेला एका टोकाला झटका द्यायचा आणि दूरवर सर्व तंतूंची एकत्रित लाट टिपायची, अशी पद्धत होती. एकटा तंतू झटक्याला एकतर पूर्ण प्रतिसाद देतो, नाहीतर देतच नाही. अख्ख्या नसेची संयुक्त लाट मात्र झटका वाढवत नेला तशी वाढते, कारण सौम्य झटक्याला आधी जाड तंतू जागे होतात आणि बारीक तंतूंना जोराचा झटका लागतो. टिपण्याची जागा दूर नेली, की एक सलग लाट अनेक उंचवट्यांमध्ये फुटते. शर्यतीत सगळे धावपटू एकदम सुटतात, पण अंतर वाढत जातं तसे त्यांचे घोळके वेगळे पडतात, तसंच हे. या उंचवट्यांवरून तंतूंचे ए, बी, सी असे गट पडले आणि ए गटाचे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा असे उपगट झाले. या कामासाठी दोघांना १९४४ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्याला यातले तीन घोळके पुरेसे आहेत. स्नायूंना हुकूम देणारे आणि स्पर्श नेणारे जाड, मायलिनयुक्त तंतू साधारण ३० ते १२० मीटर वेगाचे असतात. टोचल्याची तीक्ष्ण कळ आणि गारवा नेणारे ए-डेल्टा तंतू बारीक असतात, त्यांच्यावर पातळ मायलिन असतं आणि त्यांचा वेग वीसेक मीटर असतो. ठसठस, जळजळ आणि ऊब नेणारे सी तंतू मायलिनविना असतात. त्यांचा वेग अर्धा ते दोन मीटर. उंबऱ्याला अंगठा ठेचला की आधी चटकन कळ येते आणि क्षणभराने खरं ठणकणं सुरू होतं, त्याचं कारण हेच. एक मीटर अंतर कापायला पहिल्या कळेला सेकंदाचा विसावा भाग लागतो, दुसरीला पूर्ण सेकंद.

आता तपासणीकडे येऊ. हाताची मीडियन नस तपासायची असेल तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर पट्टी लावतात. मनगटावर झटका दिला, स्नायूची लाट ३.५ मिलिसेकंदांनी आली. कोपरावर दिला, ७.५ मिलिसेकंदांनी आली. पहिल्या वेळेत नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा विलंबही असतो, म्हणून दोन्ही वेळांची वजाबाकी करतात. राहिले ४ मिलिसेकंद. मनगट ते कोपर अंतर २२ सेंटिमीटर असेल, तर वेग सेकंदाला ५५ मीटर. हातात पन्नासच्या वर वेग सर्वसाधारण समजला जातो.

वेगाइतकीच लाटेची उंची आणि आकारही बोलतात. मायलिन झडलं तर संदेश रेंगाळतो. प्रत्येक तंतूचं नुकसान सारखं नसल्यामुळे घोळके पांगतात आणि लाट बुटकी व पसरट होते. गिलाँ-बारे आजाराच्या नेहमीच्या प्रकारात हे चित्र दिसतं. याउलट अक्षतंतूच मेले, तर उरलेले तंतू जवळपास नेहमीच्याच वेगाने धावतात, पण ते मोजकेच असल्यामुळे लाटेची उंची घटते. हा फरक ओळखणं महत्त्वाचं आहे, कारण श्वान पेशी मायलिन काही आठवड्यांत पुन्हा गुंडाळू शकतात. मेलेला अक्षतंतू मात्र दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो, तोही वाढला तर. तपासणीला फसवणारी एक साधी गोष्ट म्हणजे गार हात. त्वचेचं तापमान एका अंशाने उतरलं की वेग सुमारे दोन मीटरने घटतो. म्हणून थंडीच्या दिवसांत आधी हात-पाय गरम करून घेतात.

आणि सी तंतू? ते इतके बारीक असतात की प्रत्येकाचा विद्युतप्रवाह नगण्य असतो. त्यांचे संदेश सावकाश आणि वेगवेगळ्या वेळी पोचतात, त्यांचे चढ-उतार एकमेकांना खोडून काढतात आणि त्वचेवरून टिपण्याइतकी लाट उरतच नाही. त्यांना जागं करण्यासाठी नेहमीच्या तपासणीपेक्षा फार जोराचा झटकाही लागतो. ए-डेल्टा तंतूंची गतही फारशी वेगळी नाही. म्हणून एनसीव्हीच्या पडद्यावर दिसते ती जवळपास सगळी लाट जाड तंतूंची असते.

मधुमेहात मात्र अनेकांमध्ये सुरुवातीला मार बसतो तो बारीक तंतूंनाच. त्यांची पाहणी दुसऱ्या मार्गांनी करावी लागते. टाचणीची टोच आणि गार-गरम नीट कळतं का, हे डॉक्टर तपासतात. पायाच्या घाम येण्याची चाचणी करता येते. गरज पडली तर घोट्याजवळून तीन मिलिमीटर त्वचेचा तुकडा काढून त्यातले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

म्हणून पायांची आग होत असताना एनसीव्ही नॉर्मल आली, तर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की जाड तंतू ठीक आहेत. रिपोर्ट कपाटात ठेवून गप्प बसू नका. डॉक्टरांना बारीक तंतूंच्या तपासणीबद्दल स्पष्ट विचारा, साखर आटोक्यात आणा आणि रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात नीट पाहा. ज्या तंतूंमुळे आग होते, तेच पुढे मेले की आग थांबते आणि जखम झालेलीही कळत नाही.