कुलाब्याला जाताना तिथी पाहावी

अलिबागच्या किनाऱ्यावर दुपारी एक वाजता मी चपला हातात घेऊन उभा होतो. समोर कुलाबा किल्ला इतका जवळ, की बुरुजावरची माणसं मोजता यावीत. वर्तमानपत्रात वाचून ओहोटीची वेळ काढली होती ती बरोबर एकची. पण पाणी उतरायला तयार नव्हतं. पन्नास पावलं गेलो तर मांडीपर्यंत आलं, पुढे आणखी खोल दिसत होतं. मागे फिरलो.

वाळूवर होडीच्या सावलीत एक वयस्कर नाखवा जाळं नीट करत बसले होते. "काका, ओहोटी आहे ना आता?" मी विचारलं.

"आहे की. पण आज नवमी. भांगाचं पाणी आहे, ते एवढंच उतरायचं."

मग होडीनं न्या म्हटलं, तर म्हणाले, "आत्ता होडीला पाणी कमी आणि माणसाला जास्त. तीन वाजू द्या."

त्या दोन तासांत त्यांनी जे शिकवलं ते मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. म्हणून किल्ल्याच्या इतिहासाआधी तेच सांगतो.

तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ. नवमी म्हणजे नऊची पाऊणपट, पावणेसात. सकाळी पावणेसात आणि संध्याकाळी सातच्या सुमारास भरती. भरतीत साधारण सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे दुपारी एक. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्याच्या मागोमाग पाणीही तेवढंच उशिरा येतं, इतकं साधं हे गणित आहे. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. छापील वेळापत्रकाशी थोडा फरक पडतो, पण घरातल्या कालनिर्णयावर काम भागतं.

माझं चुकलं ते पुढच्या पायरीवर. वेळ काढली, पण पाणी किती उतरणार हे पाहिलं नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा आपल्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. अष्टमी ते दशमीच्या सुमारास भांग असतं, तेव्हा हाच फरक दीड-दोन मीटरवर येतो. आणि अडचण अशी, की दुपारची सोयीची ओहोटी नेमकी भांगाच्या दिवसांतच पडते. पौर्णिमेला पाणी भरपूर आटतं, पण ते सकाळी आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. मुंबईहून येणारा माणूस तेव्हा पोचायचा कसा?

"मग चांगला दिवस कुठला?" मी विचारलं.

"चतुर्थी-पंचमी बघा," काका म्हणाले. "उधाण नुकतंच सरलेलं असतं, रेती मोकळी होते आणि वेळही माणसात असते."

त्या दिवशी तीननंतर होडीनंच गेलो आणि अर्ध्या तासात परतलो. मन भरलं नाही, म्हणून पुढच्या महिन्यातल्या शुद्ध पंचमीला पुन्हा निघालो. पाचची पाऊणपट पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी दहाला. तिथून मागे मोजत आलो. नऊला किनाऱ्यावर उभं राहायचं, मांडव्याहून अलिबागला बसनं पाऊण तास, गेटवेहून मांडव्याला बोटीनं तास. म्हणजे पहाटेची पहिली बोट धरायची.

इथे धक्क्यांचा घोळ टाळायला हवा. मांडव्याला जायला मुंबईतून दोन ठिकाणं आहेत. गाडी घेऊन जायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. पायी जाणाऱ्यानं गेटवे ऑफ इंडियावरून लाँच किंवा कॅटामरान घ्यावी, कारण त्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही धरलेली असते. तिकीट बोटीत चढल्यावर फेकू नका, बसमध्ये तेच दाखवायचं असतं. गेटवेवर घारापुरी, मांडवा आणि नुसती बंदरातली फेरी या तिन्हींची तिकिटं एकाच परिसरात विकली जातात. घाईत पहिल्या हाकेला पैसे काढून देऊ नयेत, 'मांडवा, बससकट' असं स्पष्ट म्हणावं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'अलिबागची बोट' सांगितलं तर तो भाऊच्या धक्क्यावरही सोडू शकतो, तेव्हा गेटवे हे नाव घ्यावं. भाऊच्या धक्क्यावरून रेवस आणि उरणच्या मोऱ्यालाही लाँच सुटतात. मोऱ्याच्या बंदरात गाळ इतका, की मोठ्या ओहोटीला काही तास लाँच बंद ठेवावी लागते. पावसाळ्यात गेटवे-मांडवा फेऱ्या थांबतात आणि कुलाब्याची वाटही उधाणलेल्या समुद्राच्या हाती जाते. तेव्हा हे सगळं दिवाळीनंतर.

पंचमीला नऊला पोचलो तर समोर ओली रेती चकाकत होती. घोडागाड्या उथळ पाण्यातून चाकं फिरवत निघाल्या होत्या. मी चालतच गेलो. पाणी फक्त घोट्याला लागलं. मध्ये खडक आहेत, शेवाळ निसरडं आणि कालवांच्या कडा धारदार, म्हणून अनवाणी जाऊ नये. पायाला पट्ट्यानं बांधलेल्या चपला हव्यात.

इतिहास सर्वांना ठाऊक आहे. शिवछत्रपतींनी 1680 साली किल्ल्याचं काम सुरू केलं, संभाजीराजांनी पुरं केलं, पुढे आंग्र्यांची सत्ता इथून चालली. आतलं गणेश पंचायतन राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलं. समुद्रानं वेढलेल्या या खडकावर गोड्या पाण्याची विहीर आणि तलाव आहे.

मी रेंगाळलो ते बाहेरच्या तटाशी, ओहोटीमुळेच तिथे उभं राहता येतं. हात फिरवून पाहिला. दगडावर दगड ठेवलेले, मधे चुना नाही. फटींत बोटं जातात. लाट आली की पाणी त्या फटींत शिरतं, तिथेच विखुरतं आणि गाळत परत येतं. भिंतीवर एकदम मार बसत नाही. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा हे दगड भिजवते आणि सोडून जाते. गवंड्यानं पाण्याला अडवलं नाही, वाट दिली. त्या फटींत आता चिप्सच्या पुड्या कोंबलेल्या दिसल्या तेव्हा फार वाईट वाटलं. दोन-चार काढल्या, सगळ्या काढणं शक्य नव्हतं.

अकरा वाजता दरवाज्याजवळ आलो. ओहोटीच्या आधी आणि नंतर तासभर, फार तर दीड तास, एवढीच वाट खुली असते. चढतं पाणी समोरून येत नाही, ते किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी येऊन किनाऱ्याच्या बाजूला मिळतं, म्हणून बुरुजावर बसून समुद्राकडे पाहणाऱ्याला ते कळतच नाही. रेतीवरच्या पाण्याची दिशा पाहावी. समुद्राकडे ओढणारे ओघळ थांबले आणि पायांखाली पाणी किनाऱ्याकडे सरकू लागलं, की उठावं. गणपतीसमोर एक कुटुंब निवांत डबे उघडत होतं. "दादा, पाणी फिरलंय," मी म्हटलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, "अजून सव्वाअकराच तर झालेत."

घड्याळात नाही, पाण्यात पाहायचं असतं, हे सांगताना त्यांना मी बाहेर नेऊन रेती दाखवली. मघाशी घोट्याला लागलेलं पाणी नडगीच्या वर आलं होतं. मुलांना खांद्यावर घेऊन आम्ही सगळे एकत्र निघालो. किनाऱ्यावर काकांनी होडी पाण्याकडे ढकलायला घेतली होती.