वाळवीच्या रानात खांब कशाचा?

दापोली-मंडणगडच्या उतारांवर पावसाळ्यात वारुळांच्या आसपास अळंबी वर येते आणि जाणती माणसं ती गोळा करायला पहाटेच बाहेर पडतात. ही अळंबी वाळवीनेच लावलेली असते. जमिनीखाली पाचोळ्या-लाकडाचा चोथा रचून वाळवी त्यावर बुरशी पिकवते आणि पावसात त्या बुरशीची छत्री जमीन फोडून बाहेर येते. घरात त्या दिवशी चविष्ट कालवण होतं. पण त्याच जमिनीला कुंपण घालायचं असेल, तर अळंबीची जागा ध्यानात ठेवावी. तिथे रोवलेलं साधं लाकूड वाळवीच्या वाटेतच असतं.

म्हणून अशा जमिनीचा मालक बहुधा एका वाक्यात निकाल लावतो: लाकूड नको, सिमेंटचे पोल नाहीतर लोखंडी अँगल. वाळवी हे दोन्ही खात नाही, त्यामुळे विषय संपला असं त्याला वाटतं. पण कोकणात वाकलेले अँगल आणि सळ्या उघड्या पडलेले पोल काही कमी दिसत नाहीत. त्यांना वाळवीने हातही लावलेला नसतो. तिन्ही प्रकारचे खांब बहुधा एकाच जागी हरतात: जमिनीच्या पातळीच्या वीतभर खाली आणि वीतभर वर. ओल आणि हवा तिथे एकत्र येतात. त्याहून खोल ओल असते पण हवा कमी, आणि वर हवा असते पण ओल टिकत नाही. बुरशीला दोन्ही लागतात, गंजालाही दोन्ही लागतात आणि वाळवीही बहुधा इथूनच वर चढते.

हिशोबासाठी दोन एकरांची काजूची बाग धरू. चौकोनी असेल तर एक बाजू साधारण ९० मीटर, म्हणजे चारी बाजू मिळून ३६० मीटर. दर तीन मीटरला एक खांब म्हटला तर १२० खांब लागतात. प्रत्येकाची लांबी आठ फूट: दोन फूट जमिनीत, सहा फूट वर, आणि त्यावर काटेरी तारेच्या पाच ओळी. गाडीरस्ता बागेच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत येतो. पुढची चढण डोक्यावरून किंवा खांद्यावरून.

चार इंची चौकोनी सिमेंट पोलाचं वजन ६० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे १२० पोल मिळून सात टन. हे ऐकून बागवाला अँगलकडे वळतो. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला तीन किलो, म्हणजे एक खांब सव्वासात किलोचा आणि सगळे मिळून नऊशे किलोंच्या आत. फरक मोठा दिसतो खरा, पण तो अर्धाच हिशोब आहे. अँगलची पात अरुंद असते. नुसता ठोकला तर तार ओढताना तो फिरतो, आणि पावसात माती मऊ झाली की कलतो. म्हणून त्याच्या बुडाशी काँक्रीट घालावं लागतं. फूटभर लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा धरला तर १२० खड्ड्यांना जवळपास पाच घनमीटर काँक्रीट लागतं. त्याचं वजन अकरा-बारा टन! वीसेक पोती सिमेंट, खडी, वाळू आणि पाणी, सगळं त्याच चढणीवरून न्यायचं. सिमेंटचा पोल मात्र कातळाळ किंवा मुरमाड जमिनीत दगडाच्या चिपा आणि मुरूम ठोकून उभा राहतो, कारण त्याचं बूड रुंद असतं. त्यामुळे हलका म्हणून घेतलेला अँगल डोंगरावर नेऊन उभा करेपर्यंत जड पडू शकतो.

अँगलचं आयुष्य ठरवतो तो त्यावरचा थर. रेड ऑक्साइडचा हात मारलेला अँगल कुंपण बांधतानाच ओरखडला जातो, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात एक ओरखडा पुरतो. किनाऱ्याजवळ खारा वारा भर घालतो. गरम जस्ताच्या कढईत बुडवून काढलेला अँगल वेगळा. पाच मिलिमीटर जाडीच्या लोखंडासाठी भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरमागे ६१० ग्रॅम जस्त बसायला हवं; तो थर साधारण ८६ मायक्रॉनचा होतो. बाजारात चकचकीत, विजेच्या प्रक्रियेने जस्त चढवलेला मालही ‘गॅल्वनाइज्ड’ म्हणूनच मिळतो. त्यावरचा थर पाच-दहा मायक्रॉनच्या घरात असतो. गरम जस्ताचा थर करडा, थोडा खरबरीत असतो आणि भोकांच्या आतही दिसतो. भोकं नंतर पाडली असतील तर आतलं लोखंड उघडं असतं आणि पहिला गंज तिथूनच येतो.

बुडाच्या काँक्रीटचीही एक खोड आहे. गवंडी ते जमिनीच्या पातळीला सपाट सोडतो. मग अँगलभोवती पाणी साचतं, माती आणि पाचोळा बसतो आणि अगदी त्या कडेवर लोखंड बारीक होत जातं. वरून रंग शाबूत, पण पायाने ढकललं की अँगल वाकतो. काँक्रीटचा माथा जमिनीपासून दोन-तीन इंच वर घेऊन चारी बाजूंना उतार दिला, तर एवढी दुखणी टळतात. लोखंडाची आणखी एक अडचण आहे, तिचा गंजाशी संबंध नाही. भंगाराला भाव असतो, आणि वस्तीपासून लांबच्या बागेतले अँगल एखाद्या रात्री उपटून जातात.

सिमेंटच्या पोलातही लोखंड असतंच, फक्त आत. चार कोपऱ्यांत चार सळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या रिंगा. काँक्रीट घट्ट असेल आणि सळीवर पाऊण-एक इंचाचं आवरण असेल, तर सळी वर्षानुवर्षं टिकते. गंजली तर मात्र फुगते, कारण गंजाचा पसारा मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट असतो. मग कोपऱ्यावर सळीच्या रेघेतच उभी चीर पडते आणि काही पावसाळ्यांनी खपली गळून सळी उघडी पडते. पोल ओतताना सळ्या साच्यात नुसत्या टाकल्या तर त्या एका बाजूला सरकतात, आणि त्या बाजूचं आवरण बोटाच्या पेरापेक्षाही पातळ उरतं. कोकणात त्यात भर पडते खाडीच्या वाळूची. न धुतलेल्या वाळूतलं मीठ पोलाच्या आत बसतं आणि सळीला आतूनच खातं. चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून पाहण्याची जुन्या गवंड्यांची रीत त्यासाठीच असावी.

म्हणून पोल घ्यायला जाताना टोकाकडे बघावं: चारही सळ्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का, अंगावर जाळीदार भोकं आहेत का. दगडाने ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा. आणि पाणी किती दिवस मारलं, हे विचारावं. सात दिवस हा किमान हिशोब. कोकणात डिसेंबरनंतर विहिरी खाली जातात तेव्हा तोच पहिला वाचवला जातो. वाहतुकीतही पोल मरतात. दोन टोकांना धरून उचललेल्या लांब पोलाला मध्यावर केसभर चीर जाते. ती त्या दिवशी दिसत नाही, पुढच्या पावसात दिसते.

आता ज्याला सगळे आधीच नाही म्हणून मोकळे होतात ते लाकूड.

कुठलंही लाकूड चालत नाही, हे खरं. खैराचं किंवा जुन्या सागाचं नार वाळवीला दाद देत नाही, पण बाहेरचं पांढरं लाकूड त्याच झाडाचं असूनही ती खाते. निलगिरीची साधी बल्ली तर लवकरच पोकळ होते. बूड जाळून कोळसा करणं, डांबर किंवा गाडीचं जळकं तेल फासणं हे उपाय सर्रास केले जातात. हे सगळे वरवरचे. लाकूड सुकताना तडकतं आणि तडीतून वाळवी थेट आत पोहोचते.

इलाज आहे तो औषध आत भरण्याचा. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम यांनी १९३३ मध्ये तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण काढलं, आणि पुढे ते जगभर वापरलं गेलं. आर्सेनिक वाळवीला मारतं, तांबं बुरशीला, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात पक्कं बांधतं, त्यामुळे पावसाने ते सहज धुऊन जात नाहीत. वाळलेल्या बल्ल्या लोखंडी टाकीत बंद करून आधी आतली हवा खेचतात, मग दाबाने औषध भरतात. अमेरिकेत मिसिसिपीच्या दमट, वाळवीग्रस्त जंगलात १९४९ पासून अशा खांबांची चाचणी चालली. औषध नसलेले खांब सरासरी दोन-तीन वर्षांत पडले. दाबाने चांगलं औषध भरलेले खांब पन्नास वर्षांनंतरही मोठ्या संख्येने उभे होते.

यात एक उलटी गंमत आहे. औषध शिरतं ते बाहेरच्या पांढऱ्या लाकडात, आतल्या नारात फारसं शिरत नाही. म्हणून चिरलेल्या चौकोनी खांबापेक्षा गोल बल्ली चांगली, कारण तिच्याभोवती औषधाचं अखंड कडं तयार होतं. ते कडं फोडलं की संरक्षण गेलं. लांबी जास्त झाली म्हणून बूड कापलं, तर उघडं नार मातीत जातं. कापायचं झालंच तर वरचं टोक कापावं आणि त्यावर औषध लावावं.

रंगावर मात्र विश्वास ठेवू नये. हिरवट झाक नुसतं बुडवूनही येते. घेतलेल्या गठ्ठ्यातली एक बल्ली मधोमध कापून बघावी, टोकाजवळ नव्हे, कारण टोकातून औषध सहज शिरतं आणि चित्र फसवं दिसतं. पांढरं लाकूड पूर्ण जाडीभर, सगळीकडून हिरवट असेल तर माल खरा. एक बल्ली वाया जाते, ११९ची खात्री होते. आणि अशी बल्ली सिमेंटमध्ये रोवू नये. लाकूड आकसलं की भोवती फट पडते आणि तिच्यात पाणी साचतं. खडी आणि मुरूम थराथराने ठोकून बसवलेली बल्ली पाण्याला वाट देते.

त्या दोन एकरांच्या बागेत मग एकच माल घेण्याचं कारण उरत नाही. पाच तारांचा सगळा ताण कोपऱ्यांवर आणि फाटकाच्या खांबांवर येतो. तिथे जाड सिमेंटचे पोल, तीन फूट खोल आणि दोन बाजूंना तिरके टेकू देऊन. असे आठ-दहा पोल चढणीवर नेणं जमतं. मधल्या शंभरेक जागी औषध भरलेली बल्ली वजनाला परवडते, तारेला यू-खिळा मारणं सोपं जातं, आणि चोराला ती नको असते. भरवशाचा प्रक्रिया कारखाना आवाक्यात नसेल तर तिथे गरम जस्ताचे अँगल. मात्र समुद्राच्या अगदी तोंडावरच्या बागेत अँगलचा मोह टाळलेला बरा.

बल्ली घेणाऱ्याला घरात एक गोष्ट बजावून ठेवावी लागते. कोकणात निकामी लाकूड सरळ न्हाणीच्या चुलीत जातं. आर्सेनिक भरलेली बल्ली जाळली तर धूर विषारी होतो आणि राखेत आर्सेनिक शिल्लक राहतं. ती राख भांडी घासायला घेऊ नये, केळीच्या आळ्यातही टाकू नये. कापताना उडणारा भुसासुद्धा गोळा करून गुरांच्या वाटेतून दूर करावा.