हातावर उभे राहताना आणि बारवर चढताना

घरी व्यायाम करणारे तरुण हल्ली दोन गोष्टी विचारतात. हँडस्टँड, म्हणजे हातांवर उलटे उभे राहणे, कसे जमेल? आणि मसल-अप, म्हणजे सिंगल बारला लटकून एका दमात छाती बारच्या वर नेणे, कसे जमेल? दोन्ही एकाच आठवड्यात बसतात, पण त्यांचा सराव सारखा नाही. पहिल्यात तोल शिकायचा असतो, म्हणून तो थोडा थोडा पण वारंवार करावा. दुसऱ्यात सांध्यांवर जोर येतो, म्हणून मध्ये विश्रांती हवीच.

हँडस्टँड आठवड्यातून पाच दिवस, दहा-पंधरा मिनिटे पुरे. आधी मनगटे मोकळी करा. मग भिंतीकडे पाय करून ओणवे व्हा, पाय भिंतीवर चढवत हात भिंतीजवळ आणा. पोट भिंतीकडे येते, त्यामुळे कंबरेत बाक राहत नाही. वीस सेकंदांच्या चार-पाच खेपा करा. मिनिटभर स्थिर राहता आले की एकेक पाय भिंतीपासून सोडवा. शरीर पाठीकडे कलले तर बोटांनी जमीन दाबायची, पोटाकडे कलले तर भार मनगटाजवळच्या तळव्यावर घ्यायचा. तोल पाठीकडे गेलाच तर एक हात उचलून कुशीला वळत पाय खाली आणायचे. हे उतरणे पहिल्याच आठवड्यात शिकावे.

मसल-अपचा सराव सोमवार आणि गुरुवार असा ठेवा. दाराच्या चौकटीतला बार पुल-अप्सपुरता ठीक. वर डोके जायला जागा नसते. शाळेच्या मैदानावरचा बार बरा.

माझ्याकडे येणारा एक तेवीस वर्षांचा मुलगा बारा पुल-अप्स काढायचा, तरी बारवर चढेना. पाहिले तर हनुवटी वर येई, छाती बारला लागतच नव्हती. मी त्याला छाती टेकेल असे पाचच काढायला लावले. त्याला तीन जमले! मग आम्ही पुल-अप्सच्या तीन-तीनच्या चार खेपा आणि बारवर हात टेकून डिप्स धरल्या. शेवटी छातीइतक्या उंचीच्या बारवर, पाय जमिनीला ठेवून, कोपरे बारच्या मागून वर आणण्याची सवय. अडते ते इथेच. दोन्ही कोपरे एकदम वर यावीत. एक आधी आले तर खांदा पिळवटतो. तीन आठवडे खेपा वाढवल्या, चौथ्या आठवड्यात निम्म्या केल्या. पहिला मसल-अप निघायला पाच महिने लागले.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखले आणि दुसऱ्या सकाळीही राहिले, तर बारचे काम निम्मे करा. वाढतच गेले तर थांबून डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी, काचबिंदू असणाऱ्यांनी किंवा खांदा एकदा निखळलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उलटे उभे राहू नये.