दुसऱ्या नंबरच्या ठेकेदाराला काय लिहायचं?

आमच्या सोसायटीने पहिल्यांदा दुरुस्तीची निविदा काढली तेव्हा चार ठेकेदारांनी लिफाफे टाकले. काम एकाला मिळालं. उरलेल्या तिघांना काय कळवलं? काहीच नाही. फोन आला की सेक्रेटरी म्हणायचे, "मीटिंग व्हायचीय, कळवतो." बयाण्याचे पन्नास पन्नास हजार पाच महिने आमच्याच खात्यात पडून होते. दोन वर्षांनी रंगकामाची निविदा काढली तेव्हा एकच लिफाफा आला, ज्याने आधीचं काम केलं होतं त्याचा. दर अर्थातच त्याच्या मर्जीचा. पुढच्या खेपेला सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं आणि नकाराची पत्रं लिहिण्याचं कामही.

हरलेल्या ठेकेदाराचं नेमकं काय जातं, हे आधी समजून घ्यायला हवं. तो माणूस पाठवून भिंती मोजून घेतो, माल पुरवणाऱ्यांकडून भाव मागवतो, रात्र जागून दर भरतो. त्याचे पैसे कोणी देत नाही आणि देऊही नयेत. पण एवढं करून "कळवतो" एवढंच ऐकायला मिळालं, तर तो मनाशी एकच निष्कर्ष काढतो: काम आधीच ठरलेलं होतं. पुढच्या वेळी तो मोजायलासुद्धा येत नाही.

आता दुसऱ्या खेपेची गोष्ट. बाहेरचं प्लास्टर, तडे आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग मिळून सल्लागार अभियंत्याचा अंदाज 48 लाखांचा होता. निविदा दोन लिफाफ्यांची: पहिल्यात कागदपत्रं आणि अनुभवाचे दाखले, दुसऱ्यात दर. पुन्हा चारच आले.

एकजण पहिल्याच लिफाफ्यात अडकला. अट होती की गेल्या पाच वर्षांत लोक राहत असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीचं किमान 20 लाखांचं एक काम केलेलं असावं. त्याने दाखला जोडला होता 60 लाखांचा, पण नव्या बांधकामाचा. अशा वेळी "अनुभव अपुरा" असं लिहिलं की माणूस चिडतो, आणि बरोबरच चिडतो. त्याने साठ लाखांचं काम केलंय. म्हणून पत्रात अट क्रमांक लिहिला, ती जशीच्या तशी उतरवली, त्याने दिलेला दाखला कशाचा होता तेही लिहिलं. आणि सोबत त्याचा दरांचा लिफाफा परत केला, न उघडलेला, त्याच्या सहीचं सील शाबूत असलेला. बयाणाही त्याच आठवड्यात परत. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही अशीच सोय आहे: पहिल्या टप्प्यात बाद झालेल्याचा बयाणा त्या टप्प्याच्या निकालापासून तीस दिवसांत परत करायचा. सोसायटीला ते नियम लागू नाहीत, पण चांगली सवय उचलायला परवानगी लागत नाही.

दुसऱ्या नंबरचा ठेकेदार मात्र नाजूक प्रकरण. पहिल्याने करारावर सही करून सुरक्षा ठेव भरेपर्यंत दुसऱ्याला सोडता येत नाही. पहिला मागे फिरला तर पंचाईत. म्हणून आपण त्याला टांगणीला ठेवतो. यावर मला एकच उपाय सापडला, खरं सांगण्याचा. "आपण दुसऱ्या क्रमांकावर आहात. पहिल्या ठेकेदाराशी करार होईपर्यंत, पण जास्तीत जास्त अमुक तारखेपर्यंत, आपला बयाणा आमच्याकडे राहील." त्या तारखेला तो परत करायचाच. अशा तारखेची वाट माणूस शांतपणे पाहतो.

कारण सांगताना आणखी एक खुबी लागते. त्याच्या निविदेवर 44 लाख 25 हजार लिहिले होते. तपासताना एका बाबीत चूक निघाली: 320 चौरस मीटर गुणिले 850 रुपये म्हणजे 2 लाख 72 हजार, त्याने लिहिले होते 2 लाख 27 हजार. निविदेतल्या अटीप्रमाणे दर खरा धरायचा, म्हणून बेरीज 44 लाख 70 हजार झाली. पत्रात दोन्ही आकडे लिहिले, वाचलेला आणि तपासलेला, आणि पहिल्याची एकूण रक्कम, 41 लाख 80 हजार. जागतिक बँकेच्या पैशातून होणाऱ्या कामांत हरलेल्यांना जी सूचना जाते, तिच्यातही हे दोन्ही आकडे असतात. आकडा का बदलला हे कळलं नाही, तर पंचेचाळीस हजारांची ती दुरुस्ती त्याला हातचलाखी वाटते.

मग त्याने फोनवर विचारलं, "साहेब, मी नेमका कुठे महाग पडलो?" इथे घसरायला फार वाव असतो. पहिल्याचे बाबवार दर सांगितले तर ते त्याचं गुपित फोडणं होतं. आणि "त्याच्या दरात कराल का?" असं विचारणं त्याहून वाईट, कारण मग सगळी निविदाच भाजीबाजार होते. सल्लागाराने सुचवलं, तुलना आपल्या अंदाजपत्रकाशी करा. त्याप्रमाणे मी सांगितलं: परांचीचा दर आमच्या अंदाजापेक्षा तीस टक्के वर आहे, बाकीच्या बाबी मिळून अंदाजाच्या आतच. तो हसला. परांची तो भाड्याने आणत होता. कुठे पैसे वाचतील हे त्याला तिथेच उमगलं. बोलणं वीस मिनिटांत आटोपलं.

ही पत्रं कधी द्यायची, यालाही महत्त्व आहे. ऑस्ट्रियात 1996 साली महामार्गांवरच्या माहिती-यंत्रणेचं कंत्राट एका कंपनीला दिलं आणि त्याच दिवशी करारावर सह्याही झाल्या. हरलेल्यांना ते वर्तमानपत्रातून कळलं, तोपर्यंत हरकत घ्यायला जागाच उरली नव्हती. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. 1999 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की निवड आणि करार यांच्यामध्ये हरकतीला खरीखुरी संधी असलीच पाहिजे. पुढे युरोपात ही थांबण्याची मुदत कायद्याने ठरली: सूचना ईमेलने गेली असेल तर किमान दहा दिवस. आम्ही सात दिवस थांबलो. समितीतले एक काका कुरकुरले, पावसाळा तोंडावर आलाय म्हणून. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण पंचेचाळीस हजारांच्या दुरुस्तीत आमचीच चूक असती, तर ती परांची चढण्याआधी कळलेली बरी.

राहिलं पुन्हा बोलावण्याचं. "आपली निविदा उत्तम होती, भविष्यात जरूर सहकार्य करू" हे वाक्य मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, मग खोडलं. उत्तम होती तर काम का दिलं नाही, असं कोणीही विचारेल. त्याऐवजी लिहिलं: "येत्या वर्षी पाण्याच्या टाक्यांची दुरुस्ती काढायची आहे. निविदा निघेल तेव्हा आपल्याला कळवू." काम देण्याचं आश्वासन नाही, कळवण्याचं मात्र आहे. चौथा ठेकेदार पाहणीला आलाच नव्हता, दर अंदाजाने टाकले होते. त्याला ही ओळ लिहिली नाही. ज्याला बोलवायचं नाही त्याला आमंत्रण कशाला?

साठ लाखांचा दाखला देणारा मात्र पत्र घेऊन भेटायला आला. भांडायला नाही. त्याने विचारलं, "टाक्यांच्या कामाला पण हीच वीस लाखांची अट राहणार का? टाक्यांचं सगळं काम पाच लाखांच्या वर जायचं नाही." आमच्याकडे उत्तर नव्हतं. अट जुन्या निविदेवरून उतरवली होती. टाक्यांच्या निविदेत ती तीन लाखांवर आणली, आणि त्याने त्यात लिफाफा टाकला.

दर उघडले तेव्हा तो तिसरा आला. रात्री पत्र लिहायला पुन्हा मीच बसलो.