लोखंडी कॉलमला आगीपासून कोण वाचवतं: फुगणारा रंग की बोर्डाचा खोका?

बुटीबोरी किंवा मिहानच्या बाजूने गेलात तर मोठमोठी गोदामं आणि कारखाने दिसतात. बहुतेक सगळा सांगाडा स्टीलचा. आता शहरातही शोरूम, कॅफे, पार्किंगच्या इमारती अशाच उभ्या राहतायत. स्टील जळत नाही हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे आगीची भीती कमी वाटते. पण स्टीलला जळायची गरजच नसते. ते गरम झालं की मऊ पडतं आणि मग वरचं वजन पेलत नाही.

तेहरानमधली प्लास्को ही 17 मजली स्टीलच्या सांगाड्याची इमारत 19 जानेवारी 2017 रोजी पेटली आणि साधारण साडेतीन तासांनी कोसळली. तेव्हा अग्निशमन दलाचे जवान आतच होते. म्हणून स्टीलच्या इमारतीत मुख्य प्रश्न असतो वेळेचा: सांगाडा किती मिनिटं उभा राहणार?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, सिव्हिलवाला नाही. या विषयात मी घुसलो ते नागपुरातल्या एका मित्रामुळे. तो साइट इंजिनिअर आहे. कॉलमवरच्या अग्निरोधक रंगाची जाडी नोंदवायची एक्सेल शीट त्याने मला ‘जरा नीट करून दे’ म्हणून पाठवली. त्या शीटमधली चूक शेवटी सांगतो. ती कळण्यासाठी आधी थोडं गणित बघू.

उघडा कॉलम किती मिनिटं टिकतो?

आपल्याकडचं स्टील डिझाइनचं मानक म्हणजे IS 800:2007. त्याचं सोळावं प्रकरण आगीवर आहे. त्यानुसार साधारण 215 अंश सेल्सिअसपर्यंत स्टीलची ताकद तशीच धरायची, आणि त्यानंतर ती सरळ रेषेत उतरत 905 अंशांना शून्य होते. म्हणजे कॉलमवर आगीच्या वेळी त्याच्या क्षमतेच्या निम्मा भार असेल, तर तो 560 अंशांपर्यंत तग धरतो. हे त्याचं मर्यादा तापमान.

तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे कॉलमच्या आकारावर ठरतं. पातळ पापड पटकन भाजतो, जाड भाकरीला वेळ लागतो, तसंच हे. म्हणून आगीला उघडा पडणारा पृष्ठभाग आणि स्टीलचं वजन यांचं गुणोत्तर काढतात.

ISHB 300 हा नेहमीचा कॉलम घेऊ. एक मीटरचं वजन 58.8 किलो. सगळ्या बाजू मोजल्या तर मीटरमागे जवळपास 1.585 चौरस मीटर पृष्ठभाग. म्हणजे एक टन स्टीलमागे सुमारे 26.95 चौरस मीटर. चारही बाजूंनी आग लागली, तर IS 800 चं सूत्र असं चालतं:

```python
Rf, ksm = 0.5, 26.95      # भाराचं प्रमाण, चौ.मी. प्रति टन
T = 905 - 690*Rf
t = -4.7 + 0.0263*T + 0.213*T/ksm
print(round(T), round(t, 1))   # 560 14.5
```

उत्तर साडेचौदा मिनिटं. हे प्रमाणित चाचणीतल्या आगीसाठी आहे. त्या आगीचं तापमान चौदाव्या मिनिटाला 700 अंशांच्या पुढे गेलेलं असतं आणि दोन तासांनी ते 1050 च्या आसपास पोचतं.

आता गरज किती ते बघा. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 बांधकामाचे चार प्रकार करतो. एकापेक्षा जास्त मजले पेलणाऱ्या कॉलमसाठी टाइप 1 ला 240 मिनिटं आणि टाइप 2 ला 120 मिनिटं टिकाव मागतो. आपला कॉलम टाइप 2 मधला समजू. हातात साडेचौदा मिनिटं, हवीत 120. ही दरी रंगाने किंवा बोर्डाने भरायची.

रंग नक्की करतो काय?

या रंगाला इंट्युमेसंट पेंट म्हणतात. दिसायला साध्या रंगासारखाच, फक्त जाड. त्यात अमोनियम पॉलीफॉस्फेट, पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलामाइन असतं. साधारण 200 ते 250 अंशांना पहिल्या पदार्थातून आम्ल सुटतं, त्याने दुसऱ्याचा कोळसा होतो, आणि मेलामाइनमधून निघालेला वायू त्या कोळशाला ब्रेडसारखं फुगवतो. मूळ थराच्या वीस-तीस पट, कधी त्याहून जास्त जाडीचा फेस तयार होतो. हा फेस उष्णता आत जाऊ देत नाही.

फायदा उघड आहे. कॉलमचा आकार तसाच दिसतो, वजन वाढत नाही, आणि अडचणीच्या जोडांवरही रंग पोचतो. पण टिकावाची मिनिटं वाढली की थर वेगाने जाड होत जातो. कमी मिनिटांसाठी एखाद-दोन मिलिमीटरवर भागतं. सडपातळ कॉलमला 120 मिनिटं हवी असतील तर कित्येक मिलिमीटर लागतात, म्हणजे अनेक हात आणि प्रत्येक हातामध्ये वाळायला वेळ. नागपुरात मे महिन्यात तापलेल्या लोखंडावर आणि जुलैच्या ओलाव्यात हे काम करणं हीच मोठी परीक्षा. वरचा संरक्षक थर देण्याआधी पाऊस लागला, तर पाण्याने विरघळणारे घटक निघून जाऊ शकतात. मग रंग जागेवर दिसतो, पण आगीत फुगत नाही.

बोर्ड कुठे जिंकतो?

बोर्ड म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, जिप्सम किंवा व्हर्मिक्युलाइटच्या पाट्या. त्या कॉलमभोवती खोक्यासारख्या बसवतात. इथे एक छान गोष्ट घडते. रंग कॉलमच्या प्रत्येक घडीवर असतो, म्हणून मीटरमागे 1.585 मीटर परीघ धरावा लागतो. खोक्याचा परीघ मात्र फक्त 1.1 मीटर. स्टीलच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागलं, तर रंगासाठी आकडा 212 येतो आणि बोर्डासाठी 147. या आकड्याला सेक्शन फॅक्टर म्हणतात. तोच कॉलम बोर्डाच्या आत ‘जाड’ वागतो.

शिवाय बोर्डाची जाडी कारखान्यातच ठरलेली असते. त्यामुळे 120 किंवा 240 मिनिटांसाठी, आणि शाफ्ट किंवा छताच्या वर लपलेल्या कॉलमसाठी, बोर्ड बऱ्याचदा सोपा पडतो. त्याची दुखणी वेगळी आहेत: सांधे उघडे राहणं, स्क्रू कमी मारणं, आणि दोन वर्षांनी कुणीतरी वायर टाकायला पाटी कापून ती परत न बसवणं. बोर्डाची तपासणी म्हणजे पाटीची जाडी कॅलिपरने बघणं, स्क्रूमधलं अंतर मोजणं, दोन थर असतील तर त्यांचे सांधे एकावर एक आलेत का हे बघणं. हे सगळं वरचं फिनिशिंग होण्याआधीच करायचं असतं. मोबाइलने काढलेला तारीख आणि कॉलम नंबर असलेला फोटो इथे खरोखर कामाचा.

स्पेसिफिकेशनमध्ये काय लिहायचं?

‘दोन तासांचा अग्निरोधक रंग मारा’ हे वाक्य जवळजवळ निरर्थक आहे. दोन तास हा रंगाच्या डब्याचा गुण नसतो. तोच रंग जाड कॉलमला दोन तास देईल आणि सडपातळ कॉलमला एकच. म्हणून चार गोष्टी एकत्र हव्यात: मिनिटं, सेक्शन फॅक्टर, मर्यादा तापमान, आणि त्या तिन्हींवरून कंपनीच्या चाचणी तक्त्यातून निघालेली वाळलेल्या थराची जाडी. तक्ता 620 अंशांचा आणि आपला कॉलम 560 चा असेल, तर रंग कमी पडणार.

आता त्या शीटमधली चूक

समजा तक्त्यातून 4000 मायक्रॉन, म्हणजे 4 मिलिमीटर जाडी निघाली. रंग ओला असताना कंगव्यासारख्या गेजने जाडी बघतात, पण वाळल्यावर थर आकसतो. रंगात घन भाग 70 टक्के असेल, तर 1000 मायक्रॉन ओल्या थराचे 700 उरतात. म्हणून निकाल लागतो तो वाळल्यानंतर, चुंबकीय गेजवर. गेजचा प्रोब एवढा जाड थर मोजणारा हवा.

ब्रिटनमधल्या एएसएफपी या संघटनेची पद्धत बरीच वापरली जाते. मधल्या पट्टीच्या, म्हणजे वेबच्या, प्रत्येक बाजूला दर मीटरला दोन नोंदी. आडव्या पट्ट्यांच्या, म्हणजे फ्लँजच्या, बाहेरच्या बाजूला दोन आणि आतल्या बाजूला एक. एकूण सरासरी ठरलेल्या जाडीइतकी हवी, कुठल्याही एका बाजूची सरासरी 80 टक्क्यांखाली नको, आणि एकही नोंद 50 टक्क्यांखाली चालत नाही.

शीटमधल्या गोष्टीसारखंच एक उदाहरण बघा, एका मीटरचं:

- वेब: 4400, 4350, 4450, 4400
- फ्लँज बाहेरून: 4350, 4300, 4400, 4350
- फ्लँज आतून: 2900, 3000

दहा नोंदींची सरासरी 4090. पण गेज लोखंडापर्यंतचं सगळं मोजतो, त्यात खालचा प्रायमरही आला. तो 75 मायक्रॉन वजा केला की 4015. शीटने हिरवा रंग दाखवला: पास!

आता बाजूनिहाय बघा. फ्लँजच्या आतल्या बाजूची सरासरी 2950, प्रायमर वजा जाता 2875. हे 4000 च्या 72 टक्केच आहे, आणि किमान 3200 हवं होतं. म्हणजे कॉलम नापास. कारणही साधं आहे. स्प्रे गन त्या कोपऱ्यात नीट जात नाही, आणि समोरच्या सपाट भागावर जास्त रंग बसतो. एका सरासरीने तो जास्तीचा रंग कमी असलेल्या जागी ‘हलवला’. आगीत मात्र रंग असा हलत नाही. उष्णता त्या पातळ पट्टीतूनच आत जाते.

मी सूत्र बदलून प्रत्येक बाजूची सरासरी वेगळी काढली. लाल चौकोन दिसायला लागले आणि जवळपास सगळे आतल्या बाजूचेच होते. मित्राने तिथे ब्रशने आणखी हात मारून घेतले आणि पुन्हा मोजलं. वरचा शोभेचा थर अजून दिलेला नव्हता, हे नशीब. तो दिल्यावर गेजमध्ये त्याचीही जाडी मिसळते आणि खरा आकडा कायमचा हरवतो.

पुढच्या वेळी एखाद्या स्टीलच्या इमारतीत ‘फायर रेटेड पेंट केलंय’ असं कुणी सांगितलं, तर दोनच गोष्टी मागा: कुठल्या सेक्शन फॅक्टरसाठी किती मायक्रॉन ठरले होते, आणि फ्लँजच्या आतल्या बाजूला गेजने किती दाखवले.