घर आणि कायदा : अनधिकृत बांधकामाची नोटीस कशी वाचावी

अनधिकृत बांधकामाची नोटीस आली की मालक आधी शेवटची ओळ वाचतो, कारण बांधकाम पाडण्याची ताकीद तिथेच असते. पण त्याच्या बाजूने उपयोगी पडेल ते बहुतेक वर, पहिल्या परिच्छेदात असते.

मालवणात हा विषय ताजा आहे. २३ फेब्रुवारी २०२५च्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर घोषणांवरून वाद झाला आणि दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेने एका भंगार व्यावसायिकाचे पत्र्याचे दुकान अनधिकृत म्हणून पाडले. कारवाईत सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश पाळले गेले नाहीत, असे म्हणत त्याने अवमान याचिका केली. मार्चमध्ये न्यायालयाने तिच्यावर नोटीस काढली. हे निर्देश १३ नोव्हेंबर २०२४चे आहेत. आपल्या हातातली नोटीस तपासायची ती याच निर्देशांवरून.

एक उदाहरण घेऊ. मालवण शहरात एकाने न्याहारी-निवासासाठी घरामागे चिऱ्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि पुढची पडवी बंद करून घेतली. नोटिशीवर तारीख आहे २ जून. ४ जूनला ती दारावर चिकटवली, रजिस्टर पोस्टाने ९ जूनला हाती आली. सुनावणी १२ जूनला. मजकुरात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ५२ आणि ५३ यांचा उल्लेख आहे.

पहिला शोध कारणाचा. परवानगीच न घेता बांधले, की परवानगी घेऊन मंजूर नकाशाबाहेर गेले? कायदा या दोहोंत फरक करतो. विनापरवाना बांधकामाला कलम ५३(१) फक्त २४ तासांची पूर्वसूचना देते. मंजुरीशी विसंगत बांधकामाला किमान एक महिना मिळतो. आपल्या उदाहरणात मागच्या खोल्या पहिल्या प्रकारात बसतील. घराचा नकाशा मंजूर असेल, तर पडवी दुसऱ्या प्रकारात जाऊ शकते. नोटिशीत नुसते ‘अनधिकृत बांधकाम केले आहे’ एवढेच असेल, तर नेमके काय, किती आणि कोणत्या नियमाविरुद्ध हे लेखी विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने उल्लंघनाचा तपशील, पाडण्याची कारणे, लागणारी कागदपत्रे, सुनावणीची तारीख आणि ती घेणारा अधिकारी हे सगळे नोटिशीतच मागितले आहे.

आता तारखा. २४ तास वाचून घाबरू नये. कायद्यातली मुदत किंवा नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस, यांतली जी नंतर संपेल ती धरायची, असा निर्देश आहे. मोजणी कागदावरच्या २ जूनपासून नाही, ती ९ जूनपासून. म्हणजे २४ जूनपर्यंत. म्हणून पोस्टाचे पाकीट फेकू नये, त्यावरचा शिक्का हाच पुरावा. १२ जूनची सुनावणी या मुदतीच्या आत येते. तरी त्या दिवशी हजर राहावे, पुढची तारीख मागणारा अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. गैरहजर राहिलात तर तुमचे म्हणणे नोंदवलेच जात नाही. सुनावणीचे इतिवृत्त ठेवायचे बंधन आहे, त्याची प्रत मागावी.

अपिलाच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते. कलम ५३च्या नोटिशीविरुद्ध या कायद्यात वेगळे अपील नाही. वाट आडवळणाची आहे : नोटिशीतल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४खाली परवानगीचा अर्ज करायचा. कलम ५३(३) प्रमाणे त्याचा निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीने बांधकामाला धक्का लागत नाही. अर्ज नाकारला गेला, तर निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७खाली शासनाकडे अपील. पण खोल्या सामासिक अंतरात किंवा सीआरझेडच्या मनाई असलेल्या पट्ट्यात असतील, तर या अर्जाने बांधकाम नियमित होईल अशी आशा धरू नये. अशा वेळी नियमात बसणारा भाग वाचवण्यावर जोर द्यावा. अंतिम आदेशात संपूर्ण पाडणेच का आवश्यक आहे, याचे कारण द्यावे लागते आणि तो मिळाल्यावर १५ दिवस अंमल करता येत नाही.

दिवाणी न्यायालयात धाव घेण्याआधी कलम १४९ची आडकाठी वकिलाला विचारून घ्यावी. प्रक्रियाच मोडली असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, आणि सिंधुदुर्गकरांसाठी ती वाट ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते.

मात्र रस्ता, पदपथ, नदी किंवा पाणवठ्यालगतच्या सार्वजनिक जागेवरचे अतिक्रमण आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेले बांधकाम, यांना १५ दिवसांचे हे संरक्षण लागू नाही. म्हणून आपली भिंत कुठे उभी आहे, हे मोजणीच्या नकाशावरून आधी पाहावे.